पीएचडीच्या प्रस्तावासाठी गँट चार्ट आणि टप्प्यांची यादी कशी बनवायची? गूगल शीट्समध्ये, खऱ्या तारखांसह

पीएचडीचा संशोधन प्रस्ताव लिहिताना शेवटून दुसऱ्या पानावर एक तक्ता मागतात. डावीकडे कामं, वर महिने आणि मध्ये रंगीत पट्ट्या. यालाच गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९१०च्या दशकात कारखान्यांसाठी असे तक्ते लोकप्रिय केले, म्हणून हे नाव.

मित्र-मैत्रिणींचे असे बरेच तक्ते माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांत एकच गोष्ट दिसते. तीन वर्षांचे सहा भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागात एक पट्टी टाकलेली असते. पहिल्या सहा महिन्यांत वाचन, पुढच्या सहांत माहिती गोळा करणं, मग विश्लेषण, मग लेखन. दिसायला छान. पण मुलाखतीत समितीतल्या कोणी विचारलं, "हे काम दोन महिने लांबलं तर सबमिशन किती लांबेल?", तर या तक्त्याकडे उत्तर नसतं. कारण पट्ट्या नुसत्या रंगवलेल्या असतात, एकमेकींना बांधलेल्या नसतात.

या लेखात आपण बांधलेला तक्ता बनवू. एक तारीख बदलली की पुढच्या सगळ्या आपोआप सरकतील असा. त्यासाठी गूगल शीट्स पुरेसं आहे. पहिली मांडणी शक्यतो लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर करा. एकदा ती झाली की फोनवरच्या ॲपमधून तारखा बघणं आणि बदलणं सोपं जातं.

आधी न हलणाऱ्या तारखा शोधा

शीट उघडण्याआधी एका कागदावर फक्त अशा तारखा लिहा ज्या तुमच्या हातात नाहीत. त्या दोन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार नियमांचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं लागतात आणि कमाल मुदत ६ वर्षं आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढे आणखी २ वर्षांची सवलत आहे. शिवाय प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर उभं राहून प्रगती सांगावी लागते. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक यात अजून काही तारखा घालेल, त्याही लिहून घ्या.

दुसरा प्रकार विषयाचा, आणि हाच बहुतेकांच्या तक्त्यातून निसटतो. शाळांवर संशोधन असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग भरत नाहीत. खरीप पिकांवर असेल तर पेरणी पाऊस ठरवतो. ऊसतोड कामगारांवर असेल तर हंगामात ते गावात नसतात, कारखान्याच्या भागात असतात.

आपण एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. समजा विषय आहे पुरंदर तालुक्यातल्या एका ओढ्याच्या पाणलोटात जलसंधारणाच्या कामांमुळे विहिरींच्या पाण्यात काय फरक पडतो. त्यासाठी विहिरींची पाणीपातळी वर्षातून दोनदा मोजायची: मे महिन्यात, पावसाआधी, पातळी सगळ्यात खाली गेलेली असताना, आणि नोव्हेंबरमध्ये, पावसाळा संपल्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पावसाळ्यात विहिरीत किती पाणी चढलं त्याचा अंदाज. एकाच वर्षाच्या आकड्यांवर काही ठरवता येत नाही, कारण ते वर्ष जास्त पावसाचं किंवा दुष्काळी असू शकतं. म्हणून मे ते नोव्हेंबर अशी किमान दोन चक्रं हवीत.

आता यातली न हलणारी गोष्ट बघा. मे महिना चुकला तर जूनमध्ये मोजून चालत नाही, पाऊस सुरू झालेला असतो. थेट पुढच्या मे पर्यंत थांबावं लागतं. हा सगळा तक्ता या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

कामांची यादी: बारा ओळी पुरे

नवीन शीटमध्ये पहिल्या ओळीत ही शीर्षकं लिहा. A मध्ये काम, B मध्ये "आधी काय संपायला हवं", C मध्ये सुरुवात, D मध्ये किती महिने, E मध्ये शेवट. नोंदणी १ जुलै २०२६ला झाली असं धरू. दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत कामं अशी येतील:

| ओळ | काम | सुरुवात | महिने | शेवट |
|---|---|---|---|---|
| २ | कोर्सवर्क | १ जुलै २०२६ | ६ | ३१ डिसें. २०२६ |
| ३ | साहित्य आढावा | १ जुलै २०२६ | ९ | ३१ मार्च २०२७ |
| ४ | विहिरींची निवड, परवानग्या | १ जाने. २०२७ | ४ | ३० एप्रिल २०२७ |
| ५ | मोजमाप, पहिलं चक्र | १ मे २०२७ | ७ | ३० नोव्हें. २०२७ |
| ६ | पहिल्या चक्राचं विश्लेषण | १ डिसें. २०२७ | ५ | ३० एप्रिल २०२८ |
| ७ | शोधनिबंध लिहिणं | १ मे २०२८ | ८ | ३१ डिसें. २०२८ |
| ८ | मोजमाप, दुसरं चक्र | १ मे २०२८ | ७ | ३० नोव्हें. २०२८ |
| ९ | एकत्रित विश्लेषण | १ डिसें. २०२८ | ५ | ३० एप्रिल २०२९ |
| १० | प्रबंध लेखन | १ जाने. २०२९ | १० | ३१ ऑक्टो. २०२९ |
| ११ | मार्गदर्शकांचं वाचन, दुरुस्त्या | १ नोव्हें. २०२९ | ३ | ३१ जाने. २०३० |
| १२ | सबमिशनपूर्व सादरीकरण, सबमिशन | १ फेब्रु. २०३० | २ | ३१ मार्च २०३० |
| १३ | राखीव | १ एप्रिल २०३० | ३ | ३० जून २०३० |

यातल्या तीन ओळी लोक सहसा लिहीतच नाहीत: परवानग्या, मार्गदर्शकांचं वाचन आणि राखीव वेळ. मार्गदर्शकांकडे एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. तुमचा प्रबंध ते आठवड्यात वाचून परत देतील असं धरणं म्हणजे स्वतःला फसवणं. राखीव वेळही लपवू नका. प्रत्येक कामात थोडा थोडा फुगवून घातला तर तो कुठे गेला ते कळत नाही, म्हणून शेवटी त्याला वेगळी ओळ द्या.

बेरीज ४८ महिने झाली. "तीन वर्षांत का नाही?" असं कोणी विचारलं तर उत्तर तक्त्यातच आहे. दुसरं चक्र नोव्हेंबर २०२८ला, म्हणजे २९व्या महिन्यात संपतं. ३६ महिन्यांत बसवायचं तर विश्लेषण, लेखन, वाचन, दुरुस्त्या आणि सबमिशन यांना मिळून ७ महिने उरतात. समितीला हे असं मोजून दाखवलं की चार वर्षं मागणं आळस वाटत नाही, हिशोब वाटतो.

तारखा एकमेकींना बांधा

आता मुख्य काम. E2 मध्ये हे सूत्र टाका आणि खाली तेराव्या ओळीपर्यंत ओढा:

```
=EDATE(C2,D2)-1
```

याचा अर्थ, सुरुवातीच्या तारखेत तितके महिने मिळवा आणि एक दिवस मागे या. शेवटची तारीख हाताने लिहायची गरज संपली.

सुरुवातीच्या तारखा मात्र सगळ्या हाताने लिहू नका. हाताने फक्त C2, C3 आणि C4 लिहा. जे काम आधीचं संपल्याशिवाय सुरूच होत नाही, त्याची सुरुवात सूत्रानं आणा. उदाहरणार्थ C6 मध्ये:

```
=E5+1
```

म्हणजे पहिलं चक्र संपल्याच्या दुसऱ्या दिवशी विश्लेषण सुरू. याच पद्धतीनं C7, C9, C11, C12 आणि C13 मध्ये आपापल्या आधीच्या कामाची E मधली तारीख अधिक १ लिहा. C7 साठी ती E6, C9 साठी E8, बाकीच्यांसाठी लगेच वरच्या ओळीतली.

प्रबंध लेखन विश्लेषण पूर्ण व्हायची वाट बघत नाही. पहिली प्रकरणं आधीच लिहिता येतात. म्हणून C10 मध्ये विश्लेषण सुरू झाल्यावर एक महिन्यानं असं सांगा, `=EDATE(C9,1)`. दुसरं चक्र पहिल्यानंतर बरोबर एक वर्षानं, म्हणून C8 मध्ये `=EDATE(C5,12)`.

राहिली C5, पहिलं मोजमाप. इथे नुसतं "परवानगीनंतर दुसऱ्या दिवशी" चालणार नाही. आपल्याला हवा आहे परवानगीनंतर येणारा पहिला मे महिना. ते असं लिहायचं:

```
=DATE(YEAR(E4)+IF(E4>=DATE(YEAR(E4),5,1),1,0),5,1)
```

घाबरू नका, साधं आहे. परवानग्या ज्या वर्षी संपल्या त्या वर्षीचा १ मे अजून यायचा असेल तर तो घे, आणि आलेला असेल तर पुढच्या वर्षीचा घे. तुमचं काम जूनमध्ये शाळा उघडण्यावर अवलंबून असेल तर दोन्ही ठिकाणचा ५ काढून ६ टाका.

पट्ट्या रंगवणं

F1 मध्ये पहिल्या तिमाहीची तारीख लिहा, १ जुलै २०२६. G1 मध्ये `=EDATE(F1,3)` लिहून U1 पर्यंत ओढा. १६ तिमाह्या झाल्या, म्हणजे ४८ महिने. महिन्याचा एक रकाना केला तर ४८ रकाने होतात. ते फोनवर बघताना बोट दुखतं आणि ए-फोर कागदावर अक्षर दिसत नाही. तिमाहीचा तक्ता दोन्हीकडे नीट बसतो. नेमकी तारीख हवी असेल तर ती C आणि E मध्ये आहेच.

आता F2 पासून U13 पर्यंतचा भाग निवडा. Format > Conditional formatting मध्ये जा, नियमांच्या यादीत Custom formula is निवडा आणि हे सूत्र टाका:

```
=AND(F$1<=$E2,EDATE(F$1,3)-1>=$C2)
```

खाली रंग निवडा, झालं. तिमाही आणि काम यांचे दिवस एकमेकांवर आले की तो चौकोन रंगतो. रंग एकच ठेवा. प्रस्तावाच्या प्रती बऱ्याचदा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स होतात, तिथे सात रंगांचे सात राखाडी डाग दिसतात.

काम संपण्याच्या तिमाहीत चौकट-खूण हवी असेल तर F2 मध्ये हे लिहून सगळ्या भागात ओढा:

```
=IF(AND($E2>=F$1,$E2<EDATE(F$1,3)),"◆","")
```

पट्ट्या चुकीच्या दिसल्या तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. पट्ट्या तिरक्या सरकत गेल्या असतील किंवा भलतीकडेच उमटल्या असतील, तर सूत्रातलं एखादं $ चिन्ह राहिलंय किंवा भाग F2 ऐवजी दुसऱ्या चौकोनापासून निवडलाय. आणि पट्टी अजिबात येत नसेल, तर C मधली तारीख शीटला तारीख वाटत नाहीये. तारीख चौकोनात डावीकडे चिकटलेली दिसली की समजा ती नुसता मजकूर आहे. खरी तारीख आपोआप उजवीकडे जाते. File > Settings मध्ये Locale हे India करा आणि तारीख पुन्हा टाका. हे सुरुवातीलाच केलेलं बरं, कारण अमेरिकन सेटिंगमध्ये 1/5/2027 म्हणजे १ मे नाही, ५ जानेवारी होते. ही चूक डोळ्याला पटकन दिसत नाही.

आता तक्त्याला धक्का देऊन बघा

हा भाग बहुतेक जण करत नाहीत, आणि तक्त्याचा खरा उपयोग इथेच आहे. D4 मधले ४ महिने खोडून ६ करा. म्हणजे ग्रामपंचायतींची पत्रं आणि शेतकऱ्यांची संमती मिळायला दोन महिने उशीर झाला असं धरा.

काय झालं? परवानग्या ३० जून २०२७ला संपल्या. मे निघून गेला. पहिलं चक्र १ मे २०२८वर उडालं, दुसरं २०२९वर, आणि सबमिशन मार्च २०३० ऐवजी मार्च २०३१ला गेलं. शेवटच्या पट्ट्या तर उजवीकडे तक्त्याबाहेरच गेल्या. दोन महिन्यांचा उशीर सबमिशनपर्यंत पोचेस्तोवर बारा महिन्यांचा झाला. राखीव तीन महिने इथे काहीच कामाचे नाहीत, कारण ते शेवटी आहेत आणि खड्डा सुरुवातीला.

पैशाच्या बाजूनं बघा. यूजीसीची जेआरएफ पहिली २ वर्षं आणि पुढे एसआरएफ म्हणून ३, अशी जास्तीत जास्त ५ वर्षं मिळते. फेलोशिप नोंदणीपासूनच सुरू झाली असेल तर उशिराचा तक्ता राखीव महिने धरून बरोबर ६० महिन्यांवर जाऊन टेकतो. आणखी एक मे चुकला तर शेवटचं वर्ष फेलोशिपशिवाय काढायचं.

आता याच तक्त्यात उपाय शोधा. D4 परत ४ करा आणि C4 मध्ये १ नोव्हेंबर २०२६ टाका. परवानग्या २८ फेब्रुवारी २०२७ला संपतात, पण पहिलं चक्र १ मेलाच राहतं. मध्ये दोन महिन्यांची मोकळीक तयार झाली. आता D4 पुन्हा ६ करून बघा. परवानग्या ३० एप्रिलला संपतात आणि पुढची एकही तारीख हलत नाही. तोच उशीर, पण नुकसान शून्य.

विषय मंजूर असेल तर गावात जाऊन सरपंचांना भेटायला कोर्सवर्क संपायची गरज नसते, शनिवार-रविवार पुरतात. म्हणजे B4 मध्ये आधी "कोर्सवर्क" लिहिलं असेल तर ते बंधन खरं नव्हतं. म्हणून B रकाना भरताना प्रत्येक ओळीला विचारा: हे खरंच आधी संपायला हवं, की आपण सवयीनं एकाखाली एक लिहिलंय?

टप्प्यांची यादी: पुरावा नसेल तर तो टप्पा नाही

प्रस्तावात चार्टच्या खाली माइलस्टोन, म्हणजे टप्प्यांची यादी द्यायची असते. काम आणि टप्पा यांत फरक आहे. काम चालतं, त्याला पट्टी असते. टप्पा एका तारखेला होतो किंवा होत नाही, त्याला पट्टी नसते. "साहित्य आढावा ८० टक्के पूर्ण" हा टप्पा नाही, कारण ८० टक्के कोणी मोजले? "आढाव्याचा मसुदा मार्गदर्शकांना ईमेल केला" हा टप्पा आहे, ईमेलची तारीख दाखवता येते.

शीटच्या दुसऱ्या टॅबमध्ये तीन रकाने करा: तारीख, टप्पा, पुरावा. आपल्या उदाहरणाची यादी अशी होईल:

- ३१ डिसेंबर २०२६: कोर्सवर्क उत्तीर्ण. पुरावा: गुणपत्रक.
- २८ फेब्रुवारी २०२७: ४५ विहिरी निश्चित. पुरावा: विहिरींचा नकाशा आणि संमतीपत्रं.
- ३१ मार्च २०२७: आढाव्याचा मसुदा दिला. पुरावा: ईमेल.
- ३१ मे २०२७: पावसाआधीचं पहिलं मोजमाप पूर्ण. पुरावा: तारीखवार नोंदवही.
- ३० नोव्हेंबर २०२७: पहिलं चक्र पूर्ण. पुरावा: दोन्ही मोजमापांची एकत्र शीट.
- ३० एप्रिल २०२८: पहिल्या चक्राचे निष्कर्ष समितीसमोर. पुरावा: सादरीकरण.
- ३० नोव्हेंबर २०२८: दुसरं चक्र पूर्ण. पुरावा: पूर्ण शीट.
- ३१ डिसेंबर २०२८: शोधनिबंध नियतकालिकाला पाठवला. पुरावा: पोचपावती.
- ३१ ऑक्टोबर २०२९: प्रबंधाचा पूर्ण मसुदा मार्गदर्शकांकडे. पुरावा: फाइल.
- ३१ मार्च २०३०: सबमिशन. पुरावा: विद्यापीठाची पावती.

दोन ठिकाणी शब्द मुद्दाम निवडले आहेत. शोधनिबंध "पाठवला" असं लिहिलंय, "छापून आला" असं नाही. छापणं संपादकाच्या हातात आहे, आणि जे आपल्या हातात नाही त्याची तारीख आपण देऊ नये. तुमच्या विभागात प्रकाशन सक्तीचं असेल तर निबंधाचं काम आणखी आधी घ्या.

दुसरं म्हणजे ४५ विहिरी. विश्लेषणाला ४० हव्यात, पण काही विहिरी मे महिन्यात कोरड्या पडतात. कोरड्या विहिरीत पाणी किती खाली गेलं ते सांगता येत नाही, फक्त "तळापर्यंत गेलं" एवढंच कळतं. काहींचे मालक मध्येच नको म्हणतात. म्हणून पाच जास्त. दिवसाला आठ विहिरी धरल्या तर ४५ विहिरींना सहा दिवस लागतात, आणि सकाळी पंप सुरू होण्याआधी मोजायचं. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यावर अवलंबून राहू नका, वळीव कधीही येतो. नोंदवहीत १५ मेपासून सुरुवात ठेवा.

पहिल्या चक्राचे निष्कर्ष दुसरं चक्र सुरू होण्याच्या आत ठेवण्यामागेही कारण आहे. मोजण्याची पद्धत कुठे चुकत असेल किंवा एखाद्या भागात विहिरी कमी पडत असतील, तर ते एप्रिलमध्ये कळलं तर मेमध्ये सुधारता येतं. जूनमध्ये कळून फायदा नाही.

प्रस्तावात लावताना आणि नंतर

पाठवण्यासाठी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये File > Download > PDF घ्या, पान Landscape ठेवा आणि Scale मध्ये Fit to width निवडा. चार्ट एका पानात बसला पाहिजे. त्याखाली दोन-तीन ओळींत लिहा की कोणती तारीख न हलणारी आहे, का, आणि तिच्याआधी किती मोकळीक ठेवली आहे. समितीला चार्टपेक्षा या ओळी जास्त सांगतात.

फोनवर शीट उघडल्यावर A रकाना Freeze करून ठेवा, म्हणजे उजवीकडे सरकवताना कामाचं नाव दिसत राहतं. मूळ तक्त्याची एक प्रत करून तिला "मंजूर" असं नाव द्या आणि तिला हात लावू नका. बदल फक्त दुसऱ्या प्रतीत करा. दर सत्रात समितीसमोर जाताना दोन्ही शेजारी ठेवले की किती सरकलं ते दिसतं. सरकलेलं असणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. समितीला फक्त एवढं सांगता आलं पाहिजे की पुढचा मे अजून हातात आहे की नाही.